कर बदलला, आता लेबलं कशी बदलायची?

कराचा दर 12 टक्क्यांवरून 18 टक्के झाला, की बहुतेक ठिकाणी पहिला हिशेब असा होतो: सहा टक्के वाढले ना, मग लेबलावरच्या किमतीत सहा टक्के घाला. हा हिशेब चूक आहे. लेबलावरची किंमत करासकट असते. 112 मध्ये 100 मालाचे आणि 12 कराचे. नवी किंमत 118. म्हणजे वाढ 5.36 टक्क्यांची. सहा टक्के लावले, तर फरक आपल्या खिशात गेला आणि नाव कराचं झालं.

कर कमी होतो तेव्हाही हेच. ब्रिटनमध्ये 1 डिसेंबर 2008 ला मूल्यवर्धित कर 17.5 वरून 15 टक्क्यांवर आला. लोकांच्या डोक्यात अडीच टक्के. पण 117.5 ची वस्तू 115 ला मिळणार, म्हणजे स्वस्ताई 2.13 टक्क्यांची. काउंटरवर 'अडीच टक्के स्वस्त' अशी पाटी लावली, तर बिल पाहणारं गिऱ्हाईक ती खोटी ठरवणार. म्हणून आधी जुन्या किमतीला 112 ने भागा, मग 118 ने गुणा. उलटं असेल तर उलटं.

खरी गंमत पुढे आहे, कारण आलेले आकडे कधीच लेबलावर लावण्याजोगे नसतात. एकाच मालाची तीन पाकिटं घ्या. लहान 100 ग्रॅमचं 49 ला, मधलं 200 ग्रॅमचं 95 ला, मोठं 400 ग्रॅमचं 180 ला. नव्या दराने आकडे येतात 51.63, 100.09 आणि 189.64. आता मालक म्हणतो, लहान पाकीट सगळ्यात जास्त खपतं, त्याची किंमत लोकांना तोंडपाठ आहे, ते 49 लाच ठेवू आणि तोटा सोसू. विचार वाईट नाही. पण मधलं 100 ला गेलं, आणि दोन लहान मिळून 98 झाले! नेहमी मधलं नेणारी बाई ज्या दिवशी हे पाहील, त्या दिवशी तिला वाटेल की इतके दिवस आपल्याला फसवलं. शिवाय दर लहान पाकिटामागे मालाचे 43.75 मिळायचे, ते आता 41.53 मिळणार, आणि गिऱ्हाईक नेमकं तिकडेच वळणार.

त्यामुळे एकेका वस्तूची किंमत सुटी ठरवू नका. उतरंड समोर मांडा आणि दोन लहानांशी एक मधलं, दोन मधल्यांशी एक मोठं ताडून पाहा. इथे 52, 100, 190 चालतं. लहानात 37 पैशांइतकं वर गेलो, मधल्यात थोडं खाली आलो, मोठ्यात थोडं वर. काही वर, काही खाली, असं असलं की पूर्णांक करणं प्रामाणिक दिसतं. सगळेच आकडे वर ढकलले, तर कोणी विचारल्यावर उत्तर नसतं. कर उतरलेला असेल तेव्हा मात्र मी सगळे आकडे खालीच पूर्ण करीन. तिथे पैसे वाचवण्याच्या नादात पडू नये, आणि काही देशांत कराची सूट गिऱ्हाइकापर्यंत पोचवणं कायद्यानेच बांधलेलं असतं.

दोन गोष्टी त्याच दिवशी अजिबात करू नयेत. एक, कच्चा माल महागला म्हणून रखडलेली दरवाढ कराच्या आडून उरकणं. दुसरी, वजन कमी करणं. ज्या वस्तूंचा कर बदललेला नाही, त्यांच्या लेबलांना हातच लावू नका. नेहमीचं गिऱ्हाईक त्या वस्तू पाहूनच तुमची परीक्षा घेतं. दरवाढ करायचीच असेल तर काही आठवड्यांनी, वेगळ्या कारणाने, वेगळं सांगून करा.

बदल तात्पुरता असेल तर लेबलं न बदलता बिलात सूट देणं सोपं पडतं. जर्मनीत 1 जुलै ते 31 डिसेंबर 2020 या काळात दर 19 वरून 16 वर आणला होता, तेव्हा दुकानांना काउंटरवर सरसकट सूट द्यायची मुभा होती. कायमच्या बदलाला हे चालत नाही. लेबल एक आणि बिल दुसरं, याची लोकांना सवय लागू देऊ नये.

घाऊक गिऱ्हाइकांना वेगळं पत्रक द्या. त्यात करपूर्व किंमत आणि कर वेगळ्या रकान्यांत दाखवा. भरलेल्या कराची वजावट मिळणाऱ्याला करपूर्व आकडाच महत्त्वाचा असतो. तो जवळजवळ तोच राहिला, हे त्याला एका नजरेत दिसलं पाहिजे. त्याला 'भाववाढीची सूचना' असं पत्र पाठवणं म्हणजे नसलेलं भांडण ओढवून घेणं.

शेवटचं, परत येणारा माल. जुन्या दराने विकलेली वस्तू नव्या दरानंतर परत आली, तर बिलावर जे पैसे घेतले तेच परत द्यायचे, आणि करही जुन्याच दराने उलटवायचा. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना दर पुसून नवा टाकला, तर 95 ला नेलेलं पाकीट परत घेताना पडद्यावर 100 दिसतात. म्हणून जुना दर पुसू नका. त्याला शेवटची तारीख घाला, नवा दर वेगळा नोंदवा आणि परतीची नोंद मूळ बिलाच्या नंबरावरूनच करायला लावा.