ऑक्सिजन हवा, पण पाचच टक्के

(दृश्य: लॅबचं टेबल, काळ्या अगारच्या प्लेट्स, बाजूला जाड झाकणाची जार)

जंतू वाढवायच्या या काळ्या प्लेट्स बघा. रंग-बिंग काही नाही, खरीखुरी कोळशाची पूड घातलीये यात, ती का ते पुढे येईलच. समजा यातल्या एका प्लेटवर जुलाबाचं सॅम्पल लावलंय आणि सोबतच्या फॉर्मवर लिहिलंय, ताप, पोटात जोरदार कळा, शौचातून थोडं रक्त, तीन-चार दिवसांपूर्वी चिकन खाल्लेलं. आता हीच प्लेट तुम्ही नेहमीसारखी 37 डिग्रीच्या इन्क्युबेटरमध्ये साध्या हवेत ठेवली ना, तर दोन दिवसांनीसुद्धा त्यावर कॅम्पायलोबॅक्टर या जुलाबाच्या जंतूची एक कॉलनी दिसणार नाही. जंतू सॅम्पलमध्ये होता, प्लेटवरही पोचला, पण उगवला नाही आणि रिपोर्ट गेला की काही सापडलं नाही.

कारण हवा. आपण श्वास घेतो त्या हवेत ऑक्सिजन साधारण 21 टक्के असतो, आणि कॅम्पायलोबॅक्टरला तो झेपत नाही. मग वाटेल की ऑक्सिजन पूर्ण काढून टाकू, तर तसंही जमत नाही, तेव्हाही तो वाढत नाही. त्याला लागतो साधारण 5 टक्के ऑक्सिजन, 10 टक्के कार्बन डायऑक्साइड आणि उरलेला 85 टक्के नायट्रोजन. ऑक्सिजन त्याला मिठासारखा आहे, नसला तर चालत नाही आणि जास्त झाला तर सगळंच गेलं. अशा जंतूंना मायक्रोएरोफिलिक म्हणतात.

(दृश्य: जारच्या आत प्लेट्स रचताना हात, झाकणावरचा प्रेशर गेज)

ही हवा बनवायची कशी? जुनी पद्धत पंपाची, आणि तिचं गणित इतकं सोपं आहे की तेवढं सांगतोच. जार बंद करायची, पंपाने आतली तीन चतुर्थांश हवा ओढून घ्यायची. आता एक चतुर्थांश हवा उरली, म्हणजे ऑक्सिजनही 21 चा एक चतुर्थांश, सव्वापाच टक्के. मग रिकामी झालेली जागा सिलेंडरमधल्या गॅसने भरायची, ज्यात ऑक्सिजन अजिबात नाही, 13 टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड आहे आणि बाकी नायट्रोजन. तेराचा तीन चतुर्थांश म्हणजे जवळपास दहा. झालं, पाच-दहा-पंच्याऐंशी. पुस्तकात गेजचा आकडा समुद्रसपाटीचा धरलेला असतो, 760 मिलिमीटरपैकी 570 ओढा असा, पण पुण्यासारख्या उंचीवरच्या गावात बाहेरचंच प्रेशर 710 च्या आसपास असतं, तिथे तीन चतुर्थांश म्हणजे 530 च्या जवळपास. 570 पर्यंत ओढलंत तर ऑक्सिजन चार टक्क्यांवर येतो, त्याने काही बिघडत नाही म्हणा, पण गेज वाचताना हे डोक्यात असलेलं बरं.

आता बहुतेक ठिकाणी पाकीट वापरतात. जारमध्ये टाकायचं एक सॅशे, त्यातलं रसायन ऑक्सिजन शोषून घेतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. फाडलं की लगेच काम सुरू, त्यामुळे पाकीट फाडून कोणी फोन घ्यायला गेला की संपलं, अर्धा दम बाहेरच गेला. अडीच लिटरच्या जारचं पाकीट मोठ्या जारमध्ये टाकलं की ऑक्सिजन पुरेसा खाली येत नाही. आणि उलटाही घोळ होतो, अनॅरोबिक, म्हणजे ऑक्सिजनशिवायच्या कामाची जार घेतली, तिच्यातला कॅटॅलिस्ट काढायचा राहिला आणि सिलेंडरच्या गॅसमध्ये हायड्रोजन असला, तर तो कॅटॅलिस्ट उरलेल्या ऑक्सिजनचं पाणी करून टाकतो आणि आपला पाहुणा गुदमरतो. मेणबत्तीची जार बऱ्याच लॅबमध्ये असते, पण मेणबत्ती विझते तेव्हाही आत 16-17 टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो, त्या भरवशावर राहू नये.

यातलं काही चुकलं की नाही हे कळायला एकच उपाय, प्रत्येक जारमध्ये पेशंटच्या प्लेट्सबरोबर माहितीतल्या कॅम्पायलोबॅक्टरची एक प्लेट ठेवायची. तीच उगवली नाही तर त्या जारमधला एकही "नेगेटिव्ह" धरायचा नाही. हे न करता दिलेल्या रिपोर्टला माझ्या मते काही अर्थ नाही.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली वळणदार जंतू)

आता हे असं का, एवढा नखरा कशासाठी? याला श्वसनाला ऑक्सिजन लागतो, अगदी थोडा असला तरी पकडणारं एन्झाइम त्याच्याकडे आहे. शिवाय डीएनए बनवायला जे सुटे भाग लागतात ते तयार करणारं त्याचं एन्झाइम ऑक्सिजनशिवाय चालतच नाही, म्हणून शून्य ऑक्सिजनमध्ये तो दुभंगून दोन होऊ शकत नाही. पण अन्नातून ऊर्जा काढायची त्याची काही महत्त्वाची एन्झाइम्स अशी आहेत की त्यांच्यात लोह आणि गंधकाचे नाजूक गुच्छ असतात, आणि ऑक्सिजन जास्त झाला की ते गुच्छच मोडतात. म्हणजे एकाच पेशीत एक यंत्र ऑक्सिजन मागतंय आणि दुसरं त्याच ऑक्सिजनने मरतंय, पाच टक्के ही दोघांमधली तडजोड. प्लेटमधला कोळसा इथेच कामाला येतो, हवा-उजेडामुळे मिडियममध्ये जे घातक ऑक्सिजनचे प्रकार तयार होतात ते तो निकामी करतो, आणि सोबत लोहाचं मीठ आणि पायरुव्हेट त्याच कामाला घातलेलं असतं.

जार 42 डिग्रीला ठेवायची, 48 तास. इतक्या उष्णतेत आतड्यातले बाकीचे बरेच जंतू मागे पडतात, आणि प्लेटमधलं अँटिबायोटिक उरलेल्यांना आवरतं. दोन दिवसांनी जार उघडली की रेघोट्यांच्या कडेने पसरलेल्या चपट्या, ओलसर, करड्या कॉलनी दिसतात, पाण्याचा थेंब पसरल्यासारख्या, नवख्या माणसाला वाटतं प्लेटवर पाणीच साचलंय आणि तो ती फेकून देतो. त्यातला कण स्लाइडवर घेतला तर बारीक, वळलेले, एस आकाराचे किंवा दोन जोडून उडणाऱ्या पक्ष्याच्या पंखांसारखे जंतू. प्लेट टेबलावर उघडी राहून गेली तर हेच गोल गोळ्या होतात, मग ओळखायचे वांधे.

(दृश्य: जुन्या हॉस्पिटलची इमारत, मग प्रयोगशाळेतली जार)

मग आश्चर्य कसलं, की हा इतका कॉमन जंतू माणसाच्या जुलाबात उशिरा सापडला. 1972 मध्ये ब्रसेल्सच्या टीमने शौच बारीक फिल्टरमधून गाळून तो वेगळा काढला, तो इतका सडपातळ की फिल्टरमधून निसटतो आणि बाकीचे अडकतात. मग 1977 मध्ये इंग्लंडमधल्या वूस्टर गावच्या मार्टिन स्किरो यांनी फिल्टरची भानगडच नको म्हणून अँटिबायोटिक घातलेली ब्लड अगारची प्लेट वापरली आणि जुलाबाचे 803 पेशंट तपासले. त्यातल्या 57 जणांत कॅम्पायलोबॅक्टर निघाला, आणि जुलाब नसलेल्या 194 जणांत एकातही नाही. हा काही 1977 ला जन्मलेला जंतू नव्हता. आधीही तो तितकाच होता, फक्त जारमधली हवा त्याच्या सोयीची नव्हती.

(दृश्य: कोंबड्यांचं शेड, नंतर चिकनचं दुकान)

तर आता मजेची गोष्ट ही की एवढा नाजूक जंतू जगभर जुलाबाच्या मुख्य कारणांमध्ये कसा? त्याचं घर बघा म्हणजे कळेल. कोंबडीच्या अंगाचं तापमान 41-42 डिग्री, तिच्या आतड्यातल्या चिकट थरात ऑक्सिजन थोडासाच, कार्बन डायऑक्साइड भरपूर. म्हणजे लॅबमध्ये आपण जे मुद्दाम घडवतो ते तिथे आयतंच. कोंबडीला सहसा काही होत नाही, पण तिच्या आतड्याच्या एका ग्रॅममध्ये लाखो-कोटींनी जंतू असू शकतात. कापताना आतडं फाटलं, पिसं काढताना विष्ठा लागली, की ते मांसाच्या पृष्ठभागावर. इथून पुढे तो वाढत नाही, 30 डिग्रीच्या खाली तर त्याची वाढच होत नाही, आणि चांगलं शिजवलं की मरतोच. पण त्याला वाढायची गरजच पडत नाही. 1981 मध्ये रॉबिन्सन नावाच्या ब्रिटिश संशोधकाने स्वतः दुधातून 500 जंतू घेतले आणि तो आजारी पडला. 500 म्हणजे कच्च्या चिकनमधून ठिबकलेल्या पाण्याचा एखादा थेंब. म्हणून चिकन नळाखाली धुताना ओट्यावर उडणारे शिंतोडे, आणि त्याच सुरीने, त्याच पाटावर कापलेली काकडी, हे शिजलेल्या रश्श्यापेक्षा जास्त धोक्याचं. फ्रिजमध्ये ठेवल्याने तो मरत नाही, फक्त वाट बघतो.

पाण्यातही असंच. ऑगस्ट 2016 मध्ये न्यूझीलंडच्या हॅवलॉक नॉर्थ गावात जोराचा पाऊस पडला, मेंढ्यांची विष्ठा वाहत जाऊन गावाच्या विहिरीच्या पाण्यात मिसळली, पाण्यात क्लोरीन घातलेलं नव्हतं, आणि हजारो लोक जुलाबाने पडले. पाण्यात जंतू वाढला नाही, फक्त पोचला.

लागण झाल्यावर दोन ते पाच दिवसांनी ताप, कळा, जुलाब सुरू होतात, कळा कधी कधी इतक्या की अपेंडिक्स वाटतं. बहुतेक लोक ओआरएस आणि आरामावर आठवड्याभरात बरे होतात. औषध लागलंच तर सहसा अॅझिथ्रोमायसिन, कारण सिप्रोफ्लॉक्सासिनला हा जंतू आता बऱ्याच ठिकाणी जुमानत नाही.

(दृश्य: पुणे, सिंहगड रस्ता)

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात, सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात गियां-बारे सिंड्रोमचे, म्हणजे आपण जीबीएस म्हणतो त्या हातापायातली ताकद जाण्याच्या आजाराचे, पेशंट एकदम वाढले, आणि काही पेशंटच्या सॅम्पलमध्ये कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी सापडला. या जंतूच्या बाहेरच्या आवरणातली साखरेची रचना आपल्या नसांवरच्या एका घटकासारखी दिसते, त्यामुळे शरीर जंतूविरुद्ध बनवलेलं हत्यार चुकून नसांवर चालवतं. असं होणं दुर्मीळ, साधारण हजारात एखाद्यालाच. पण यात एक मोठी अडचण आहे. पायातली ताकद जाते ती जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांनी, आणि तोपर्यंत बऱ्याच जणांच्या शौचातून जिवंत जंतू गेलेलाच असतो. त्यामुळे तेव्हा जारमध्ये अगदी बरोब्बर पाच टक्के ऑक्सिजन ठेवला तरी प्लेट कोरी निघू शकते, आणि डॉक्टरांना पीसीआर, रक्तातल्या अँटिबॉडीज आणि पेशंटला विचारलेल्या "मागच्या महिन्यात पोट बिघडलं होतं का" या प्रश्नावरच काम चालवावं लागतं.