डोस ठरवतं कोण?

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय ‘मुलांच्या वेदनेची पायरी-पायरीने औषधं’ असा छापलाय. तिथे मी पोचणार आहेच, पण आधी एका शब्दाबद्दल बोलू द्या. तो शब्द म्हणजे ‘हलकं’. गेली तीस वर्षं मुलांना भूल देतोय, आणि प्रत्येक आईबापाच्या तोंडी ऐकतो: “डॉक्टर, मॉर्फिन नको हो, काहीतरी हलकं द्या.” कोडीन आणि ट्रामाडोल ही दोन वेदनाशामक औषधं वर्षानुवर्षं या हलक्याच्या नावाखाली खपली.

कोडीनमध्ये स्वतःची अशी वेदनाशामक ताकद फार थोडी आहे. यकृतातलं CYP2D6 नावाचं एन्झाइम त्याचा काही भाग, साधारण ५ ते १० टक्के, मॉर्फिनमध्ये बदलतं, आणि आराम पडतो तो त्या मॉर्फिनने. म्हणजे मॉर्फिन आपण देतोच, फक्त किती ते आपल्या हातात राहत नाही. काही मुलांमध्ये हे एन्झाइम जवळपास नसतंच. ती रडत राहतात आणि आपण म्हणतो, लाडावलेलं आहे. काहींमध्ये त्याच्या जनुकाच्या जादा प्रती असतात, त्यांच्यात तेच कोडीन भराभर मॉर्फिन होतं. बाहेरून बघून यातलं काहीही ओळखता येत नाही.

कॅनडातल्या ओंटारिओमधल्या एका मुलाची हकीकत मी प्रत्येक ठिकाणी सांगतो. २००९ साली ती वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. दोन वर्षांचा, १३ किलोचा मुलगा. घोरायचा, झोपेत श्वास अडायचा, म्हणून टॉन्सिल आणि अॅडिनॉइड काढले. त्याच दिवशी घरी पाठवला, सोबत कोडीन आणि पॅरासिटामॉलचं सिरप. कोडीनचा एक डोस १० ते १२.५ मिलिग्रॅम, दर चार ते सहा तासांनी. डोस पुस्तकातलाच होता, आईने चूक केली नव्हती. दुसऱ्या रात्री ताप आला, छातीत घरघर सुरू झाली, आणि सकाळी मुलगा गेलेला होता. तपासणीत जनुकाची जादा प्रत निघाली आणि रक्तात मॉर्फिन प्रमाणाबाहेर सापडलं.

आता नीट ऐका, कारण घोरणारं मूल हा यातला खरा धागा आहे. ज्या मुलाचा श्वास महिनोन्‌महिने रात्री अडत आलाय, त्याचा मेंदू मॉर्फिनला जास्त संवेदनशील झालेला असतो. ऑपरेशननंतर घशाला सूज असतेच, त्यामुळे अडथळा पहिल्या रात्रीत जात नाही. म्हणजे नेमकं ज्याला हे औषध द्यायचं, तोच सगळ्यात नाजूक.

ट्रामाडोलही याच एन्झाइमच्या वाटेने जातं, शिवाय त्याने झटके येऊ शकतात. मागे एका बाईंचा रात्री फोन आला. घरातली मोठ्यांची ट्रामाडोल-पॅरासिटामॉलची गोळी अर्धी करून चार वर्षांच्या मुलाला दिली होती. “छान झोपलाय, फक्त हाक मारली तर उठत नाहीये.” मी म्हटलं, फोन ठेवा आणि त्याला उचलून आणा. नालोक्सोन, म्हणजे मॉर्फिनसारख्या औषधांवरचा उतारा, देऊन तो वाचला. हलवून न उठणारं मूल, थांबत थांबत येणारा श्वास, निळसर ओठ: यातलं एकही दिसलं तर ती झोप नव्हे.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांच्या वेदनेसाठी ही दोन्ही औषधं वर्ज्य ठरवली. टॉन्सिल-अॅडिनॉइडच्या ऑपरेशननंतर तर १८ पर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेने त्याआधीच, २०१२ मध्ये, मुलांच्या वेदनेच्या शिडीतली कोडीनची मधली पायरी काढून टाकली होती.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर राहिलेल्या दोन पायऱ्या भरभर सांगतो.

पहिली: पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन. १५ किलोचं मूल धरा. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे २२५, दर सहा तासांनी. ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते ४.५ मिली होतात. पण १२० वालं सिरप असेल तर तोच डोस ९ मिलीच्या वर जातो, म्हणून चमचे मोजू नका, बाटली वाचा आणि सिरिंज वापरा. आयब्युप्रोफेन किलोमागे १० पर्यंत, म्हणजे १५० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी, पोटात काहीतरी असताना. पहिले दोन दिवस दुखायची वाट न बघता घड्याळाप्रमाणे द्या. मूल गिळू लागतं, पाणी पितं, आणि पाणी प्यायलं की घसा कमी दुखतो. उलट्या-जुलाबाने सुकलेल्या मुलाला, किडनीचा त्रास असलेल्याला किंवा पावसाळ्यात डेंग्यूची शंका असताना आयब्युप्रोफेन नको. अॅस्पिरिन नकोच. निमेसुलाइड आपल्याकडे १२ वर्षांखाली २०११ पासून बंद आहे, तरी घरात जुनी बाटली असेल तर फेकून द्या.

याने भागलं नाही तर दुसरी पायरी, थेट मॉर्फिन. हो, तेच, ज्याला तुम्ही घाबरता. रुग्णालयात, वजनाप्रमाणे थोडं-थोडं, बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप लावून, नालोक्सोन हाताशी ठेवून. तिथे किती गेलं ते मला ठाऊक असतं. घोरणाऱ्या मुलाला त्यातही कमी देतो आणि रात्रभर ठेवून घेतो. हात मोडला असेल तर त्या भागाची नस बधिर करण्याचा पर्यायही आहे, पण तो सांगायला आता वेळ नाही. ऑपरेशनच्या आधी मात्र भूल देणाऱ्याला एक सांगाच: मूल रात्री घोरतं का, आणि मध्येच श्वास थांबतो का.