बोट कशावर टेकलं?

[दृश्य: टेबलावर मांडलेली कार्डं, कॅमेरा वरून]

बोलता न येणाऱ्या बाबांनी आपली गरज बोटाने दाखवावी म्हणून ही कार्डं केली आहेत. ती तळहाताएवढी आहेत. प्रत्येकावर एक मोठं इमोजी आणि त्याखाली ठळक अक्षरांत एकच शब्द. पाणी. दुखतंय. शौचाला. झोप. थंडी. लॅमिनेशन चकाकणारं नाही, कारण दिव्याचा उजेड त्यावर पडला की चित्र दिसेनासं होतं. पाठीमागचा रंगही एकसारखा पांढरा ठेवलाय. नजर चित्रावरच जायला हवी.

[दृश्य: खुर्चीत बसलेले बाबा. उजवा हात मांडीवर, डावा टेबलावर]

बाबांना पक्षाघात झाला तो मेंदूच्या डाव्या बाजूला. शरीराची उजवी बाजू मेंदूची डावी बाजू चालवते, म्हणून उजवा हात लुळा पडला. आणि बहुतेक माणसांमध्ये भाषेचं काम याच डाव्या बाजूला चालतं. मुलगी काय विचारते ते बाबांना बरंचसं कळतं, वाक्य लहान असलं तर आणखी चांगलं कळतं. आपल्याला काय हवंय हेही त्यांना ठाऊक असतं. पण तोंडातून निघतो तो एकच शब्द, 'बरं'. तहान लागली तरी 'बरं', पाठ दुखली तरी 'बरं'. या अवस्थेला अफेजिया म्हणतात.

[दृश्य: जुन्या पुस्तकातली मेंदूची आकृती]

1861 साली पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी अशाच एका रुग्णाचं वर्णन केलं होतं. त्याच्या तोंडून 'टान' एवढंच निघायचं, बोललेलं मात्र बरंच समजायचं. मृत्यूनंतर मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा दिसली. शब्द अडला म्हणून विचार थांबला असं समजायचं नसतं, हे तेव्हापासून माहीत आहे. तरीही बाबांसारख्या माणसासमोर लोक मोठ्याने, लहान मुलाशी बोलावं तसे बोलतात. याचं आम्हाला वाईट वाटतं.

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर इमोजींच्या रांगा]

कार्डांसाठी पहिली चित्रं मुलीने मोबाइलमधूनच घेतली. इमोजींचा एक प्रसिद्ध सुरुवातीचा संच 1999 मध्ये जपानमधल्या मोबाइल सेवेसाठी तयार झाला होता, त्यात 176 चित्रं होती. ती संदेशात वापरायची होती. तिथे शेजारी शब्द असतात, त्यामुळे चित्र थोडं संदिग्ध असलं तरी चालून जातं. कार्डावर मात्र सगळा भार चित्रावरच येतो. खालचा शब्द वाचता येईल याची खात्री नसते, अफेजियात वाचनही अडतं.

[दृश्य: 'झोप' लिहिलेलं चेहऱ्याचं कार्ड, जवळून]

हा चेहरा बघा. डोळे मिटलेले आणि नाकाशी एक थेंब. जपानी चित्रकथांमध्ये झोपलेल्या माणसाच्या नाकातून असा फुगा येतो, त्यामुळे तिथल्या वाचकाला ही झोप वाटते. बाबांनी हे कार्ड हातात घेतलं आणि डोळ्याखाली बोट फिरवलं. त्यांना ते अश्रू वाटले.

[दृश्य: स्पीच थेरपिस्ट चेहऱ्यांची कार्डं बाजूला काढतात, पलंगाचं कार्ड ठेवतात]

थेरपिस्टनी एक साधा नियम घातला. गरज वस्तूने दाखवता येत असेल, तर चेहरा वापरायचा नाही. झोपेसाठी पलंग, शौचासाठी भांडं, पाण्यासाठी पेला. चेहरे तीनच उरले, आनंद, दुःख आणि राग, एकमेकांपासून पुरते वेगळे दिसणारे. 'दुखतंय'सोबत माणसाच्या शरीराची बाह्याकृती आली, म्हणजे कुठे ते बोटाने सांगता येतं.

[दृश्य: दोन कार्डं शेजारी. थेरपिस्ट त्यांच्या जागा बदलतात]

"बाबा, पाणी दाखवा," थेरपिस्ट म्हणतात आणि थांबतात. सवयीपेक्षा बरंच जास्त थांबतात. बोट पाण्यावर जातं. लगेच कार्डांच्या जागा बदलून तेच पुन्हा. दोनच कार्डं असतील तर अंदाजाने ठेवलेलं बोटही निम्म्या वेळा बरोबर पडतं, म्हणून एका उत्तरावर विसंबायचं नाही. आणि इथेच काहीतरी दिसलं. उजवीकडचं कार्ड बरोबर असलं की बाबांचं बोट अडखळायचं. डाव्या मेंदूच्या इजेत कधीकधी समोरच्या दृश्याचा उजवा भाग दिसत नाही. डोळे चांगले असतात, पण तिकडचं मेंदूपर्यंत पोचत नाही. मग कार्डं आडव्या रांगेऐवजी उभी, एकाखाली एक, आणि मध्यापासून थोडी डावीकडे मांडली.

[दृश्य: उभ्या रांगेत चार कार्डं. बोट वरून खाली सरकतं]

आणखी एक अडचण अशी की एकदा 'दुखतंय' दाखवलं की पुढच्या प्रश्नालाही बोट तिथेच जातं. दुखत नसतानाही. मेंदू आधीच्या उत्तराला चिकटून राहतो. अशा वेळी मुलगी सगळी कार्डं उचलते, थोडं थांबते आणि नव्या क्रमाने मांडते. खरंच दुखत असेल तर बोट पुन्हा तेच कार्ड शोधतं.

[दृश्य: मुलगी बाबांसमोर बसलेली. अंगठा वर, अंगठा खाली]

बोट टेकल्यावर ती लगेच उठत नाही. "बाबा, तुम्हाला शौचाला जायचंय?" अंगठा वर. मग ती उलटं विचारते, "पाणी हवंय?" अंगठा खाली. हो आणि नाही यांचीही अफेजियात अदलाबदल होते, म्हणून हा दुसरा प्रश्न. आम्हाला या सगळ्यातलं सर्वांत मोलाचं पाऊल हेच वाटतं, आणि घाईत नेमकं तेच गळतं.

[दृश्य: प्रश्नचिन्हाचं कार्ड]

हे कार्ड थेरपिस्टनी आग्रहाने घालायला लावलं. शब्द आहे, 'वेगळंच काहीतरी'. ते नसेल तर माणसाला चुकीच्याच कार्डांतून एक निवडावं लागतं. बाबांनी ते दाखवलं, तेव्हा मुलगी ढोबळ प्रश्नाकडून नेमक्या प्रश्नाकडे गेली. "शरीरातलं काही?" अंगठा खाली. "कुणाला बोलवायचंय?" खाली. "एखादी वस्तू?" वर. तिने खोलीभर हात फिरवला. पंखा? पांघरूण? रिमोट? प्रत्येक वेळी अंगठा खालीच. मग बाबांनी स्वतःचाच डावा हात डोळ्यांपाशी नेला.

[दृश्य: मुलगी कपाटातून चष्मा काढते, पुसते, बाबांना लावते]

चष्मा. रुग्णालयातून घरी आल्यापासून तो कपाटातच होता. बाबा इतके दिवस कार्डं चष्म्याविना बघत होते. त्याच संध्याकाळी चष्म्याचं कार्ड तयार झालं.

[दृश्य: मुलगी कार्ड दाखवत शब्द उच्चारते, बाबांचे ओठ हलतात]

कार्डांमुळे बाबा बोलायचा प्रयत्नच सोडून देतील, ही भीती घरात होती. म्हणून प्रत्येक कार्डासोबत मुलगी शब्द मोठ्याने म्हणते, स्वतः बोलतानाही कार्डाला बोट लावते. थेरपिस्टचा बोलण्याचा सराव वेगळा चालूच आहे. घरातली ओरडाआरड आता कमी झाली आहे.

[दृश्य: पलंगाच्या डाव्या बाजूला अडकवलेला कार्डांचा दुसरा संच]

दुसरा संच पलंगाशी असतो. 'पाणी' दाखवलं की थेट पेला तोंडाला लावत नाहीत, कारण पक्षाघातानंतर गिळताना पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. किती आणि कसं द्यायचं ते थेरपिस्टनी लिहून दिलंय. त्याच कागदावर खाली एक ओळ आहे. रोज जमणारी कार्डं अचानक जमेनाशी झाली, चेहरा वाकडा झाला किंवा हातपायातलं बळ आणखी गेलं, तर वाट न पाहता रुग्णालयात न्यायचं.