खिडकीकडचा गाल आणि भिंतीकडचा गाल

सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यातली ही माडीवरची खोली. खिडकी एकच, उत्तरेकडची, लोखंडी गजांची. सकाळचे दहा वाजलेत. माझी आत्या खिडकीपासून दोन फुटांवर, लाकडी खुर्चीत बसली आहे. पुढच्या महिन्यात तिला पंचाहत्तर पूर्ण होतील, आणि हा फोटो त्या दिवसासाठी आहे.

फोटोत खिडकी उजवीकडे आहे. उजवा गाल छान उजळलाय, त्यावरची एकेक सुरकुती मोजता येते. डावा गाल मात्र अंधारात गेलाय. त्या बाजूच्या कानात मोत्यांची कुडी आहे, हे मला माहीत आहे म्हणूनच दिसतं.

हे का होतं? पलीकडचा गाल खिडकीपासून फार लांब आहे म्हणून नव्हे. दोन गालांत अंतर ते किती! तो गाल वळलेला आहे. त्याला खिडकी दिसतच नाही. त्याच्या वाट्याला येतो तो समोरच्या पिवळट भिंतीवरून परतलेला उजेड. म्हणून ही बाजू नुसती काळोखी नाही, तिचा रंगही वेगळा आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

[पडद्यावर लाइटरूम, फोटो उघडलेला]

आधी मोजून घेऊ. माऊस गालावर नेला की हिस्टोग्रामखाली आकडे दिसतात. उजळ गालावर लाल रंग 75 टक्के, अंधाऱ्या गालावर 30. हे टक्के उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात, आणि एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. म्हणजे इथे जवळपास तीन स्टॉपचा फरक, एका गालावर दुसऱ्याच्या सातपट उजेड. डोळ्यांना खोलीत हा फरक इतका जाणवत नाही, कॅमेरा तो जसाच्या तसा धरतो.

मला दोन्ही गाल सारखे करायचे नाहीत. खिडकीचा उजेड एका बाजूने आलाय हे दिसलंच पाहिजे. हा फरक साधारण दीड स्टॉपवर आणायचाय.

आता M दाबून लिनिअर ग्रेडियंट घ्यायचा. डाव्या गालाच्या हाडापाशी माऊस दाबायचा आणि नाकाच्या दांड्यावरून ओढत उजव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या जरा पुढे सोडायचा. जिथून ओढायला सुरुवात केली त्याच्या मागे पूर्ण परिणाम, जिथे सोडलं तिथे शून्य. आत्याची मान किंचित कललेली आहे, म्हणून ग्रेडियंटही तेवढाच कलता करायचा. सरळ उभा ठेवला तर कपाळ जास्त उजळतं आणि हनुवटी मागे राहते.

ओढ आखूड ठेवली तर कपाळावर उभा पट्टा उमटतो. कपाळ हळूहळू वळतं, तर ग्रेडियंटही तसाच हळू उतरायला हवा. पट्टा दिसला की ओढ वाढवायची, एक्स्पोजर कमी करून तो जात नाही.

एक्स्पोजर वाढवत सुमारे 1.2 वर थांबलो. गालाचा आकडा 45 च्या आसपास आला. आणि लगेच ती भिंत समोर आली: गाल नारिंगी दिसायला लागला. आधी अंधारात लपलेला रंग उजेडासोबत वर आलाय. याच मास्कमध्ये टेम्परेचर उणे 8 केलं आणि गाल पुन्हा आत्याचा झाला. संपूर्ण फोटोचं टेम्परेचर बदललं असतं, तर खिडकीकडचा गाल निळा पडला असता.

O दाबला की मास्क लाल रंगात दिसतो. पाहा, डोक्यामागची भिंतही लाल आहे. ग्रेडियंटला चेहरा आणि भिंत यांतला फरक कळत नाही. तीही उजळली तर खोलीतला अंधारच निघून जाईल. म्हणून सबट्रॅक्टमधून ब्रश घेऊन, कडा मऊ ठेवून, भिंत वगळायची. ब्रश केसांच्या कडेवर थोडा आत गेला तरी चालेल, तिथे सावली असतेच. बाहेर राहिला तर डोक्याभोवती उजेडाचं वलय उमटतं, आणि ते पाहताक्षणी खटकतं.

नाकाची सावली मात्र तशीच ठेवा. ती राखाडी दिसायला लागली, तर आपण फार पुढे गेलो. अंधाऱ्या बाजूच्या डोळ्यात खिडकीची चमक जेमतेम आहे. त्या बाजूचा गाल लखलखीत आणि डोळा मात्र विझलेला, असं होता कामा नये.

हा फोटो रॉ फाइलमध्ये, आयएसओ 400 वर काढला होता. म्हणून अंधार इतका वर उचलता आला. जेपेगमध्ये याच गालावर डाग आणि पट्टे दिसू लागतात. जमत असेल तर फोटो काढतानाच डाव्या बाजूला पांढरी चादर धरावी, निम्मं काम तिथेच होतं. या खोलीत त्या बाजूला कपाट होतं, चादर धरायला जागाच नव्हती.

कागदावर सावल्या पडद्यापेक्षा गडद उतरतात. म्हणून आधी 4 बाय 6 ची एक प्रिंट काढून ती खिडकीशी धरून पाहिली. अंधाऱ्या कानातल्या कुडीचे मोती वेगवेगळे दिसत होते. मग 12 बाय 18 ची काढायला दिली.