सही झालेल्या अहवालात 'डावा' चुकला तर

पडद्यावर दिसतोय तो एका बायॉप्सीचा अहवाल. डावा स्तन, कर्करोग, दुसरी श्रेणी. खाली पॅथॉलॉजिस्टची सही. शेवटची ओळ सांगते, की हार्मोन रिसेप्टरच्या तपासण्या अजून चालू आहेत.

तीन दिवसांनी ते निकाल येतात. पण ते मूळ मजकुरात मध्येच घुसडले जात नाहीत. अहवालाला पुरवणी जोडतात, तिच्यावर तारीख वेगळी, सही वेगळी. निदान आहे तसंच राहतं, माहितीत तेवढी भर पडते.

पुरवणी लिहिताना पॅथॉलॉजिस्टची नजर नमुन्यासोबत आलेल्या मागणीपत्रावर जाते. तिथे लिहिलंय, 'उजवा स्तन'.

'डावा' खोडून 'उजवा' टाइप करायला दोन सेकंद पुरतात. पण सर्जनने तो अहवाल आधीच वाचलाय. मजकूर गुपचूप बदलला, तर त्यांनी काय वाचून शस्त्रक्रियेचा बेत आखला, याचा पुरावाच उरणार नाही.

म्हणून आधी पडताळणी. मागणीपत्र, नमुन्याच्या बाटलीवरचं लेबल आणि नमुना कापताना केलेली नोंद. तिन्हीकडे 'उजवा' असेल, तर चूक अहवाल लिहिताना झालेली. बाटलीवर एक बाजू आणि कागदावर दुसरी असेल, तर मात्र प्रयोगशाळेने अंदाजाने काहीच बदलायचं नसतं. ज्यांनी नमुना काढला, त्यांनाच विचारावं लागतं. सूक्ष्मदर्शकाखाली डावं-उजवं कळत नाही.

इथे तिन्ही नोंदी जुळतात. आता नवी आवृत्ती निघते, माथ्यावर ठळक अक्षरांत 'सुधारित अहवाल'. खाली लिहिलेलं असतं: 'मूळ अहवालात डावा स्तन असं नोंदलं गेलं. मागणीपत्र व लेबलनुसार उजवा स्तन. निदानात बदल नाही.' नुसतं 'दुरुस्ती केली' लिहिणं म्हणजे वाचणाऱ्याला दोन कागद शेजारी ठेवून चूक शोधायला लावणं.

वैद्यकीय प्रयोगशाळांचं मानक, आयएसओ १५१८९, हेच मागतं. बदल कोणी केला, कधी केला याची नोंद, आणि मूळ निकाल जपलेला. रुग्णालयांच्या संगणकांमध्ये माहितीच्या देवाणघेवाणीसाठी वापरलं जाणारं एफएचआयआर मानकही हा भेद पाळतं. भर घातलेल्या अहवालाची स्थिती `appended`, चूक सुधारलेल्याची `corrected`.

पण स्थिती बदलली म्हणून सर्जनला कळतंच असं नाही. पुरवणी शेवटच्या पानावर जाते, आणि शेवटचं पान किती जण उघडतात? बाजू चुकली असेल, तर फोनच करावा लागतो. पलीकडच्याकडून बाजू पुन्हा वदवून घ्यायची, कोणाशी बोललो आणि किती वाजता, तेही अहवालात लिहायचं.

राहते रुग्णाच्या फाइलमधली जुनी छापील प्रत. तिच्यावर संगणकाचा इलाज चालत नाही. सुधारित अहवालावर मूळ अहवालाची तारीख छापतात ती यासाठीच, म्हणजे फाइल उघडणाऱ्याला हातातला कागद जुना की नवा, हे ताडून पाहता येतं.