पंधरातले चौदा, सहातले पाच

मंडळी, समजा या सभागृहात गोवराची लागण झालेलं एक मूल येऊन बसलं. अंगावर पुरळ अजून नाही, नुसतं नाक वाहतंय, डोळे लाल आहेत. आईला वाटतंय सर्दी आहे. पण गोवर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पसरतो, आणि मूल उठून घरी गेलं तरी त्याचा विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. कुणालाच पूर्वी गोवर झालेला नसेल, लसही मिळालेली नसेल, तर असा एक रुग्ण साधारण बारा ते अठरा जणांना लागण देतो. आपण पंधरा धरू.

आता या पंधरांपैकी किती जण आधीच सुरक्षित असले म्हणजे साथ वाढणार नाही? चौदा. मग लागण होण्याजोगा एकच उरतो. एकापासून एक, म्हणजे साथ रेंगाळते, पण वाढत नाही. त्याहून थोडे जास्त सुरक्षित असले की ती विझायला लागते. पंधरातले चौदा म्हणजे ९३ टक्के. सामूहिक प्रतिकारशक्तीचा उंबरठा म्हणतात तो हाच, यात याहून मोठं गूढ नाही. पोलिओचा एक रुग्ण साधारण पाच ते सात जणांना लागण देतो. सहा धरले तर सहातले पाच, म्हणजे ८३ टक्के. दरवर्षीच्या फ्लूचा आकडा सव्वा-दीडच्या मध्ये कुठेतरी असतो. १.३ धरला तर उंबरठा येतो २३ टक्के.

पाहिलंत? फ्लूला २३ आणि गोवराला ९३. मग फ्लू सोपा आणि गोवर अवघड असायला हवा. प्रत्यक्षात गोवर आपण पुष्कळ ठिकाणी थोपवून धरलाय आणि फ्लू दरवर्षी येतोच. हे उलटं का होतं, तेच मला आज सांगायचंय.

गोची ‘सुरक्षित’ या शब्दात आहे. लस टोचली म्हणजे माणूस सुरक्षित झाला असं आपण धरून चालतो. गोवराची लस आपल्याकडे नवव्या महिन्यात देतात. त्या वयात आईकडून आलेली प्रतिपिंडं काही बाळांच्या रक्तात अजून शिल्लक असतात आणि ती लसीतल्या विषाणूलाच निकामी करतात. त्यामुळे नवव्या महिन्यातल्या डोसने शंभरातली साधारण ८५ बाळं सुरक्षित होतात. म्हणजे आशाताईंनी एकही घर सोडलं नाही, शंभर टक्के बाळांना डोस मिळाला, तरी आपण ८५ वरच. उंबरठा ९३. एका डोसने तो गाठताच येत नाही.

म्हणून १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस. त्याला लोक ‘बूस्टर’ म्हणतात, ते मला पटत नाही. पहिल्या डोसने ज्यांचं काम झालं त्यांच्यासाठी तो मुख्यतः नसतोच. तो आहे राहिलेल्या पंधरांसाठी, आणि ते पंधरा कोण हे बघून ओळखता येत नाही, म्हणून सगळ्यांना द्यायचा. दोन्ही डोस मिळाले की सुरक्षित होणाऱ्यांचं प्रमाण ९७ च्या आसपास जातं. तरीही ९३ गाठायला शंभरातल्या ९६ मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत.

आणि हे शहराच्या सरासरीवर भागत नाही. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात गोवराची मोठी साथ आली, ती आठवत असेल. अशा वेळी काय होतं, ते एका कल्पित वॉर्डावर पाहू. सारख्या लोकसंख्येच्या दहा वस्त्या. नऊ वस्त्यांत ९८ टक्के मुलं सुरक्षित, दहाव्या वस्तीत ६०. सरासरी काढा: ९४ च्या वर. कागदावर वॉर्ड पास! पण गोवराला सरासरी कळत नाही. दहाव्या वस्तीत पंधरातले सहा जण मोकळे आहेत, त्यामुळे तिथे एकापासून सहा, सहापासून छत्तीस. मुलं एकमेकांच्या घरात खेळतात ती त्याच वस्तीतल्या मुलांशी. लसीकरणाचा अहवाल हाती आला की मी तरी आधी सर्वांत खालचा आकडा शोधतो.

पोलिओत अडचण वेगळी होती. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये मुलांना दहा-दहा वेळा थेंब पाजूनही रुग्ण सापडत होते. दाट वस्ती, उघडी गटारं यांमुळे तिथे एका रुग्णापासून होणाऱ्या लागणी जास्त होत्या, म्हणजे उंबरठाच वर सरकलेला. शिवाय जुलाब आणि आतड्यातल्या इतर विषाणूंच्या गर्दीत थेंबांतला विषाणू रुजत नव्हता. तीन प्रकारच्या विषाणूंची एकत्र लस होती, तिचा एक डोस पहिल्या प्रकाराविरुद्ध शंभरातल्या जेमतेम दहाएक मुलांना उपयोगी पडत होता. प्रत्येक डोस स्वतंत्रपणे लागू पडतो असं धरलं, तर दहा डोसांनंतरही ६५ टक्केच मुलं सुरक्षित. मग २००५ पासून फक्त पहिल्या प्रकाराचे थेंब आले. त्यांचा एक डोस तिथे साधारण ३० टक्के मुलांना लागू पडत होता. पाच डोस झाले की ८३ टक्के. हे कागदावरचं गणित आहे, प्रत्यक्षात पुढे दोन प्रकारांची एकत्र लस आली, मोहिमांवर मोहिमा झाल्या. देशातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा.

इस्रायलची गोष्ट याच्या अगदी उलटी आहे. तिथे २००५ पासून फक्त टोचायची पोलिओ लस दिली जात होती, आणि जवळजवळ सगळ्या मुलांना मिळत होती. ८३ च्या कितीतरी वर. तरी २०१३ मध्ये दक्षिणेकडच्या राहात गावाच्या सांडपाण्यात नैसर्गिक पोलिओचा विषाणू सापडला आणि तो महिनोन् महिने फिरत राहिला. एकाही मुलाला लुळेपणा आला नाही. टोचलेली लस रक्तात प्रतिपिंडं तयार करते, त्यामुळे मज्जातंतू वाचतात. पण आतड्यात विषाणू वाढायचा थांबत नाही, मूल तो बाहेर टाकत राहतं. मूल सुरक्षित, साखळी मात्र तुटलेली नाही. उंबरठ्याच्या हिशेबात साखळी तोडणारेच मोजायचे असतात. शेवटी त्यांनी मुलांना पुन्हा थेंब पाजले.

आता फ्लू. २३ टक्के हा आकडा मुळात फसवा आहे, कारण तो १.३ कोऱ्या समाजातला नाही. जुन्या फ्लूंमुळे अर्धवट प्रतिकारशक्ती आलेल्या लोकांत मोजलेला आहे. तरी तोच धरू. लस चांगली जुळली तर ४० ते ६० टक्के उपयोगी. ४० धरली तर २३ टक्के खरोखर सुरक्षित करायला ५८ टक्के लोकांना टोचावं लागेल. आणि विषाणूने रूप बदललं तर? २०१४-१५ च्या हिवाळ्यात अमेरिकेत तसंच झालं, लस जेमतेम १९ टक्के उपयोगी ठरली. २३ भागिले ०.१९, म्हणजे १२१ टक्के. शंभर माणसांत एकशे एकवीस जणांना टोचा! त्यातही ही प्रतिकारशक्ती काही महिन्यांत ओसरते, त्यामुळे पुढच्या हंगामात पाटी बरीचशी कोरी. गोवराच्या विषाणूला असं रूप बदलणं जमत नाही. १९६३ पासूनच्या लसी आजच्या गोवरावरही चालतात, म्हणून ९३ चा उंचच उंच उंबरठासुद्धा एकदा चढलो की बराच काळ टिकवता येतो.

मघाशी पहिल्या रांगेतल्या काकांनी विचारलं, मग फ्लूची लस घ्यायची कशाला? काका, कळपासाठी नाही, स्वतःसाठी घ्यायची. तुमचं वय, तुमचा मधुमेह बघता न्यूमोनिया होऊन दवाखान्यात पडायची शक्यता निम्मी झाली तरी पुष्कळ आहे. शेजारी वाचतील की नाही, तो हिशेब तुम्ही धरू नका.