आधी रांग, मग मध्यक

(उदगीर येथे माध्यमिक गणित शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि शिक्षक मित्रहो, विषय मध्यक आणि चतुर्थकांचा आहे. पण आधी माझी जुनी तक्रार ऐकून घ्या. एका सराव परीक्षेत मध्यक काढायचा प्रश्न आला आणि सगळ्या संख्या आधीच चढत्या क्रमाने लावलेल्या! पोरानं बोट ठेवलं, मधली उचलली, पैकीच्या पैकी गुण. त्याला मध्यक येतो की नुसतं मोजता येतं, हे तपासणाऱ्याला कळायला मार्गच नाही. मी पेपर काढणाऱ्यांना विचारलं, तर म्हणाले, "सर, मुलांचा वेळ वाचतो." अहो, वेळ वाचला, पण ज्याची परीक्षा घ्यायची तेच वाचवलं की! तेच पोर पुढच्या इयत्तेत अस्ताव्यस्त यादीतही मधल्या आकड्यावर बोट ठेवतं. आणि आपण म्हणतो, पोरं धांदरट आहेत.

म्हणून मी उदाहरण आपल्याकडचं घेतो. मराठवाड्यात सोयरीक जुळवतानासुद्धा "बोअर किती फुटाला लागलं?" हे विचारतात. (हसू नका, पाणाड्याला नारळ देऊन तुम्हीही मागं फिरला आहात.) समजा, एका वस्तीवर अकरा बोअर आहेत. गल्लीनं चालत जाऊन विचारत गेलो, तर फुटांचे आकडे असे मिळाले: 320, 180, 260, 900, 210, 450, 300, 240, 350, 280, 400. यातला सहावा 450. तो मधला आहे, पण गल्लीतला मधला, खोलीतला नव्हे. पडताळा सोपा आहे: त्याच्यापेक्षा उथळ बोअर किती? नऊ. खोल किती? एकच. मध्यक असता तर दोन्हीकडं पाच-पाच निघाले असते.

आता रांग लावू. सगळ्यात लहान 180, तो उतरवला की मूळ यादीत त्यावर काट मारायची. मग 210, त्यावर काट. काट मारली नाही तर एखादा आकडा दोनदा येतो किंवा गळतो, आणि एक गळला तरी मधली जागा सरकते. दोन बोअर 300 फुटांचे असते तर 300 दोनदाच लिहायचा. पोरं इथं हटकून एक खातात. शेवटी मोजायचं, अकराच भरले पाहिजेत: 180, 210, 240, 260, 280, 300, 320, 350, 400, 450, 900. सहावा 300. मध्यक 300 फूट.

आता त्या 900 कडं बघा. तो बोअर कोरडा गेला. मालकानं 900 फुटांवर गाडी थांबवली, कारण खिसा थांबला. म्हणजे पाणी किती खोल आहे ते माहीतच नाही, फक्त 900 च्या खाली आहे एवढं खरं. आता सरासरी काढून दाखवा! बेरीजच होत नाही. पण रांगेत त्याची जागा पक्की आहे, सगळ्यात शेवटी. तिथं 900 लिहा नाहीतर 1500, मध्यक 300 च राहतो. मात्र कोरडा म्हणून त्याला यादीतूनच वगळलं, तर दहा आकडे उरतात, मध्यक पाचव्या-सहाव्याच्या मधला 290 येतो आणि वस्ती आहे त्यापेक्षा जरा पाणीदार दिसते. आपल्याकडं लागलेल्या बोअरचीच गोष्ट सांगतात, कोरड्याची कुणी काढत नाही…

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. चतुर्थकं राहिली की हो! भरभर सांगतो.

मध्यक 300 बाजूला ठेवा. डावीकडं पाच आकडे राहिले, त्यांतला मधला 240, हे पहिलं चतुर्थक. उजवीकडच्या पाचांतला मधला 400, हे तिसरं. दुसरं चतुर्थक म्हणजे मध्यकच. म्हणजे रांगेचा मधला गाभा 240 ते 400 फुटांत बसतो, आणि कोरड्या बोअरनं त्यालाही धक्का लागत नाही. बारावा बोअर 500 फुटांवर लागला, तर मध्यक सहाव्या-सातव्याची सरासरी, 310. तेवढ्या खोलीचा बोअर वस्तीवर एकही नाही, तरी चालतं. मग सहा-सहाचे दोन भाग पडतात, चतुर्थकं 250 आणि 425.

शेवटचं एक. संगणकावर हेच अकरा आकडे `QUARTILE` ला दिले, तर 240 आणि 400 ऐवजी 250 आणि 375 येतात. यंत्र बिघडलेलं नाही. हाताने मध्यक दोन्ही अर्ध्यांत धरून केलंत, तरी या अकरा आकड्यांना हेच उत्तर येतं. दोन्ही पद्धती चालतात, आकडे थोडे असले की फरक डोळ्यांत भरतो. तेव्हा प्रश्नातच पद्धत सांगा आणि तीच धरून तपासा. आणि पेपर काढताना आकडे विस्कटून द्या. बसतो.